पत्रिकेचा फोटो आला, पण लग्नाला जाता येणार नाही: नकाराचा निरोप कसा लिहावा

हल्ली घरी येऊन, हातावर अक्षता ठेवून दिलेलं आमंत्रण जवळच्या मोजक्या घरांपुरतं उरलं आहे. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पत्रिकेचा फोटो येतो आणि खाली एक ओळ असते, ‘सहकुटुंब यायचं बरं का’. जाता येणार असेल तर उत्तर सोपं असतं. जाता येणार नसेल तेव्हा नव्याने घर चालवायला लागलेली मुलं-मुली अडतात. आतापर्यंत हे सगळं आई-बाबा बघत होते, आता पत्रिका थेट त्यांच्या नंबरवर येते. मग एक तर हात जोडलेलं चित्र पाठवलं जातं, किंवा ‘सॉरी काका, जमणार नाही’ एवढं लिहून विषय संपतो. समोरच्याला त्यातून एकच कळतं, की फोटो उघडूनही पाहिलेला नाही.

चांगल्या नकारात तीन गोष्टी आपसूक येतात: लग्न कधी आहे, कुठे आहे, आणि पत्रिका पाठवणाऱ्याचं वधू-वराशी नि तुमच्याशी नातं काय. या तीन गोष्टी बरोबर आल्या की वाचणाऱ्याला कळतं, यांनी पत्रिका वाचली, विचार केला आणि मगच नाही म्हटलं. त्या चुकल्या तर नकारापेक्षा चूकच जास्त लक्षात राहते. म्हणून निरोप लिहायला घेण्याआधी पत्रिका वाचायची. निम्मं काम तिथेच होतं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. त्यातली माणसं आणि त्यांची नावं सोयीसाठी घेतली आहेत. निखिल पुण्यात राहतो. त्याच्या बाबांच्या आत्याचं सासर कराडचं. या आत्याचे धाकटे चिरंजीव वसंतराव, म्हणजे बाबांचे आतेभाऊ आणि निखिलचे वसंतकाका. त्यांच्याकडून पत्रिकेचा फोटो आला आहे. निखिलला जाता येणार नाही, कारण त्याच दिवशी नाशिकला त्याच्या बायकोच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे.

आधी तारीख पक्की करा

फोटो टेबलावर पत्रिका ठेवून, वर ट्यूबलाइट लावून काढलेला असतो. सोनेरी अक्षरं चमकतात, शिवाय पाठवताना फोटो दबून बारीक होतो. मोठा करून पाहिलं की अक्षरं फुटतात. अशा वेळी देवनागरी आकड्यांत हमखास गल्लत होते ती १ आणि ९ यांची. निखिलला आलेल्या पत्रिकेत ‘११ एप्रिल’ आहे की ‘१९ एप्रिल’, हे फोटोवरून सांगता येईना.

यावर सोपा उपाय म्हणजे वार बघायचा. पत्रिकेत तारखेच्या आधी वार असतोच आणि तो अक्षरात असल्यामुळे सहसा वाचता येतो. इथे ‘रविवार’ स्पष्ट दिसत होतं. कॅलेंडर उघडलं तर २०२६ मध्ये ११ एप्रिलला शनिवार आहे आणि १९ एप्रिलला रविवार. म्हणजे लग्न १९ ला. या दोन तारखांत आठ दिवसांचं अंतर असल्यामुळे वार एकाने पुढे सरकतो, म्हणून ही ताडणी उपयोगी पडते. पत्रिकेत मिती आणि शकही असतो, पण निरोपात ते घेऊ नका. बोलीभाषेतल्या निरोपात ‘मिती वैशाख शुद्ध’ आलं की पत्रिकेतून उतरवल्यासारखं वाटतं.

वार लावूनही उलगडा झाला नाही तर विचारायला हरकत नाही, पण ते नकाराच्या आधी, वेगळ्या निरोपात: ‘काका, फोटोत तारीख नीट दिसत नाहीये, १९ ना?’ नकाराच्या आत तारीख विचारू नका. तारीखच माहीत नसताना ‘जमणार नाही’ कसं ठरलं, असा प्रश्न कुणालाही पडेल.

मग ठिकाण. एका पत्रिकेत ती बरीच असतात

पत्रिकेत गावांची नावं तीन-चार वेळा येतात. वराकडच्यांचं गाव, वधूकडच्यांचं गाव, विवाहस्थळ, आणि शिवाय हळद किंवा स्वागत समारंभाची जागा. खाली निमंत्रकाचा पत्ता असतो तो वेगळाच. नवखा माणूस बहुतेकदा आपल्या ओळखीचं गाव उचलतो. निखिलच्या डोक्यात काकांचं घर म्हणजे कराड, म्हणून त्याच्या पहिल्या मसुद्यात ‘कराडला लग्नाला येता येणार नाही’ असं आलं. पण ‘विवाहस्थळ’ या शब्दापुढे कोल्हापूरचं मंगल कार्यालय होतं, कारण लग्न मुलीकडच्यांनी करून द्यायचं ठरलं होतं. कराडला होता तो स्वागत समारंभ, मंगळवारी २१ एप्रिलला संध्याकाळी.

म्हणून ‘विवाहस्थळ’, ‘लग्नस्थळ’ किंवा ‘शुभस्थळ’ हा शब्द शोधा आणि त्याच्याच पुढचं गाव घ्या. निरोपात गावाचं नाव पुरतं. त्या गावाशी तुमची ओळख असेल तर कार्यालयाचं नावही घ्यावं, पण रस्ता, चौक, पिनकोड अजिबात नको.

दोन कार्यक्रम असतील तर दोन्हींबद्दल बोला. लग्नाला नाही म्हटलं आणि स्वागत समारंभाबद्दल काहीच लिहिलं नाही, तर काका साहजिकच धरून चालतील की तुम्ही कराडला तरी याल. तिकडे जेवणाची पानं मोजली जातात. तुमच्या घरची तीन पानं मोजायची की नाही, हे त्यांना या निरोपातूनच कळणार असतं.

नातं: फोटो पाठवणारा आणि बोलावणारा एकच असेल असं नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या.

वसंतकाकांनी फोटो पाठवला, वराचं आडनाव काकांचंच, म्हणून निखिलने लिहिलं, ‘तुमच्या मुलाच्या लग्नाला’. पण काकांना दोन मुलीच आहेत. लग्न होतं त्यांच्या थोरल्या भावाच्या, दिनकररावांच्या मुलाचं, म्हणजे काकांच्या पुतण्याचं. थोरल्या भावाला फोनवरचं जमत नाही म्हणून नातेवाइकांची यादी धाकट्याने वाटून घेतली आणि फोटो पाठवले. बऱ्याच घरांत असंच होतं. पत्रिका एकाच्या घरची असते, ती पाठवतो भाऊ, जावई, भाचा किंवा शेजारचा मुलगा.

हे पत्रिकेतूनच कळतं. वराचं पूर्ण नाव वाचा. मधलं नाव वडिलांचं असतं. ‘चि. रोहन दिनकर’ असं असेल तर तो वसंतरावांचा मुलगा नाही, हे तिथेच स्पष्ट होतं. काही पत्रिकांत मधलं नाव गाळून ‘सौ. व श्री. दिनकर यांचे कनिष्ठ चिरंजीव’ असं लिहितात, तरी अर्थ तोच. मग खाली ‘निमंत्रक’, ‘आपले विनीत’ अशा शब्दांखाली नावं असतात, त्यांत पाठवणाऱ्याचं नाव कुठे आहे ते पहा. वसंतकाकांचं नाव तिथे दुसऱ्या ओळीत होतं. म्हणजे ते आमंत्रण करणाऱ्यांपैकी आहेत, पण वराचे वडील नाहीत. पाठवणाऱ्याचं नाव पत्रिकेत कुठेच नसेल तर तो फक्त निरोप पोचवणारा आहे. मग त्याला ‘पत्रिका मिळाली, आभार’ एवढं कळवून नकार घरच्या माणसाला कळवावा.

पत्रिका वधूकडून आली आहे की वराकडून, हेही याच वेळी बघून ठेवा. शुभेच्छांची ओळ त्यावर ठरते. वराकडच्यांना ‘घरात सूनबाई येताहेत’ म्हणता येतं, वधूकडच्यांना ते म्हणता येणार नाही.

नात्याचा दुसरा भाग तुमच्याकडचा. लांबच्या नातेवाइकांकडे तुमचा नंबर जतन केलेला असेलच असं नाही, आणि ‘निखिल’ नावाची मुलं प्रत्येक घरात असतात. काकांशी वर्षानुवर्षं बोलणं बाबांचंच. त्यामुळे निरोपाच्या शेवटी सही करताना ‘निखिल, सुधाकररावांचा मुलगा, पुणे’ असं लिहायचं. नवीन सुनांना तर हे फार उपयोगी पडतं. सासरच्या माणसांशी ओळख झालेली नसते, तेव्हा ‘मी सुधाकररावांची सून’ एवढ्या तीन शब्दांत समोरचा माणूस ओळखतो आणि आपुलकीने उत्तर देतो.

आता ‘चि.’बद्दल. पत्रिकेत वराच्या नावामागे ‘चि.’ आणि वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ असतं, कारण ते घरच्या वडीलधाऱ्यांनी लिहिलेलं असतं. तुम्ही वराहून मोठे असाल तर ‘चि. रोहन’ लिहा, शोभतं. तो तुमच्याहून मोठा असेल तर ‘रोहनदादा’ लिहा. दादाला चिरंजीव म्हणणं वडीलधाऱ्यांना खटकतं. वधूच्या नावामागे नुसतं ‘सौ.’ मात्र लग्न लागेपर्यंत लावू नका.

आता लिहायला घ्या

निखिलचा सुधारलेला, पण अजून कच्चा मसुदा असा होता:

‘काका, आपल्या पुतण्याचा विवाह दि. १९ एप्रिल २०२६ रोजी कोल्हापूर येथे असल्याचे पत्रिकेवरून समजले. सदर विवाहास काही कारणास्तव उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व. क्षमा असावी.’

यात तारीख, ठिकाण, नातं सगळं बरोबर आहे आणि तरीही हे काकांना पाठवण्यासारखं नाही. ‘सदर’, ‘रोजी’, ‘कारणास्तव’ हे शब्द रजेच्या अर्जातले. तारीख आणि ठिकाण यांना स्वतंत्र वाक्य दिलं की ते काकांनाच त्यांच्या घरच्या लग्नाची माहिती दिल्यासारखं होतं. ती माहिती काकांना आहे. तुम्हाला ती माहीत आहे, एवढंच दिसायला हवं. त्यासाठी युक्ती अशी, की तारीख आणि ठिकाण ‘यायची इच्छा होती’ या वाक्यात बसवायचं: ‘१९ तारखेला कोल्हापूरला मुहूर्ताला हजर असावं असं फार वाटत होतं, पण…’ आता तेच तपशील तुमच्या इच्छेचा भाग होतात आणि पुढचा ‘पण’ सौम्य होतो.

कारण एकच द्यायचं, खरं आणि एका वाक्यात मावणारं. ‘काही कारणास्तव’ म्हटलं की लोक कारण शोधत बसतात. उलट तीन कारणं दिली तर एकही खरं वाटत नाही. दुसऱ्या लग्नामुळे येता येत नसेल तर तसं सांगायला संकोच नको, पण नातं स्पष्ट लिहा. नुसतं ‘दुसऱ्या एका लग्नाला जायचंय’ हे काकांना लागेल, कारण त्यातून तुम्ही दोन आमंत्रणं तोलून त्यांचं खाली ठेवलं असं दिसतं. ‘माझ्या सख्ख्या मेहुण्याचं लग्न’ म्हटलं की प्रश्नच मिटतो. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात जावयाला असावंच लागतं, हे काकाही जाणतात.

घरात सुतक असेल किंवा नुकतंच कुणी गेलं असेल, तर ते मंगलकार्याच्या निरोपात लिहू नये. ‘घरगुती अडचणीमुळे’ एवढं लिहा. जाणती माणसं समजून घेतात आणि फारच जवळचे असतील तर फोनवर सांगता येतं. आजारपणाचं कारणही मोघम ठेवलेलं बरं. तपासण्यांचे तपशील लग्नघरात कुणाला नको असतात.

नकाराची क्रिया स्पष्ट असू द्या. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘जमलं तर नक्की’ ही उत्तरं ऐकायला गोड लागतात, पण लग्नघरी त्यांचा अर्थ ‘येणार’ असाच धरला जातो. ‘येणं जमणार नाही’ हे सरळ आणि पुरेसं सौम्य आहे. ‘आम्हा तिघांनाही’ हे जोडलं की सहकुटुंब आमंत्रणाचं पूर्ण उत्तर होतं, नाहीतर तू नाही तर निदान बायको-मुलीला पाठव, असा आग्रह होतोच. माफी एकदाच मागा, तीही ‘राग मानू नका’ अशा घरगुती शब्दांत.

शेवटी वधू-वरांसाठी शुभेच्छा, खऱ्या निमंत्रकाला नमस्कार, आणि पाळता येईल असं एखादं पुढचं बोलणं. हे सगळं एकत्र केल्यावर निखिलचा निरोप असा झाला:

‘नमस्कार काका,
रोहनच्या लग्नाची पत्रिका मिळाली, घरी सगळ्यांनी वाचली. फार आनंद झाला. तुमच्या पुतण्याचं लग्न म्हणजे आमच्या घरचंच कार्य. रविवारी १९ एप्रिलला कोल्हापूरला मुहूर्ताला हजर असावं असं फार वाटत होतं, पण त्याच दिवशी नाशिकला माझ्या सख्ख्या मेहुण्याचं लग्न आहे, त्यामुळे आम्हा तिघांनाही येणं जमणार नाही. २१ तारखेला कराडच्या स्वागत समारंभालाही पोहोचता येणार नाही. राग मानू नका. चि. रोहनला आणि येणाऱ्या सूनबाईंना आमच्या मनापासून शुभेच्छा. दिनकरकाकांना आणि काकूंना नमस्कार सांगा, मी त्यांना फोन करतोच आहे. मे महिन्यात कराडला येणं होईल, तेव्हा घरी येऊन दोघांना भेटतो.
निखिल (सुधाकररावांचा मुलगा), पुणे’

यात मुहूर्ताची वेळ नाही, कार्यालयाचं नाव नाही. मुद्दाम गाळलं आहे. तीन गोष्टी एकेकदाच आल्या आहेत. ‘मे महिन्यात येतो’ हे मात्र खरंच जाणार असाल तरच लिहा. ते शब्द काकू लक्षात ठेवतात.

आहेराचा विषय या निरोपात आणू नका. बऱ्याच पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलंच असतं. नसलं तरी नकार आणि पैसे एकाच दिवशी पोचले की देणं फेडल्यासारखं दिसतं. द्यायचं असेल तर भेटीला जाल तेव्हा हातात द्यावं.

कुणाला, कुठे, कधी

पत्रिका कुटुंबाच्या ग्रुपवर आली असेल तर ग्रुपवर फक्त अभिनंदन करा आणि नकार पाठवणाऱ्याला स्वतंत्र लिहा. ग्रुपवर एकाने ‘जमणार नाही’ म्हटलं की पाठोपाठ आणखी चौघांना तसं म्हणायला सोपं जातं, आणि ते सगळं वधू-वराचे आई-बाप वाचत असतात.

फोटो आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर जावं. महिनाभर आधी आलेला नकार सहज पचतो. आदल्या रात्रीचा नकार, कारण कितीही खरं असलं तरी, टाळाटाळ वाटतो. सख्खे मामा, आत्या, काका असतील, किंवा कुणी घरी येऊन अक्षता देऊन गेलं असेल, तर आधी फोन करा. निरोप त्यानंतर, बोलणं झाल्याची आठवण म्हणून.

ऑफिसमधल्या माणसाच्या पत्रिकेला एवढं लांब लिहायची गरज नाही. ‘सर, मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली, मनापासून अभिनंदन. १९ तारखेला साताऱ्याला यायची इच्छा होती, पण घरच्याच एका लग्नामुळे येणं जमणार नाही. वधू-वरांना शुभेच्छा.’ इथेही तारीख, गाव आणि ‘मुलीच्या’ हा शब्द आहेच. त्यांच्या भाचीचं लग्न असेल तर ‘भाचीच्या’ लिहायला विसरू नका.

नकारानंतरचा आग्रह

निरोप गेला म्हणजे संपलं असं समजू नका. काकांचं उत्तर येणार: ‘अरे, नाशिकचं आटपून रात्री निघ, २१ ला कराडला सहज पोचशील!’ ही त्यांच्याकडची रीत आहे. आग्रह केला नाही तर आमंत्रण कोरडं होतं असं त्यांना वाटतं. यावर नवं कारण काढू नका. नवं कारण आलं की पहिलं खोटं ठरतं. तेच कारण थोड्या शब्दांत पुन्हा सांगा: ‘काका, तुमचा आग्रह खरा आहे. पण मेहुण्याकडे २१ लाच पूजा आहे, तिथून निघता येणार नाही. मे मध्ये नक्की घरी येतो.’ त्यानंतर काकांकडून ‘बरं, ये मग’ येतं आणि तुमच्याबद्दल मनात काही राहत नाही.

१९ तारखेला सकाळी काकांना दोन ओळी पाठवा: ‘आज रोहनचं लग्न. आम्ही नाशिकला आहोत, पण मन तिकडेच आहे. सगळं छान पार पडो.’ दुपारी साडेबाराच्या सुमारास फोन करू नका. मंगलाष्टकांच्या गडबडीत तो कुणी उचलत नाही.